विश्लेषण : सांधे गरजेपेक्षा जास्त वळतात, मग वजन कसे उचलावे?

भंडारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या मैदानांवर पहाटे पाचपासून पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली दिसतात. मुलींना ८०० मीटर, मुलांना १६०० मीटर धाव, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मुलींचा गोळा ४ किलोचा, मुलांचा ७.२६० किलोचा. या गर्दीत एखादी मुलगी अशी असते, की हात सरळ केला की तिचा कोपर सरळ रेषेच्या पलीकडे, उलट्या बाजूला झुकतो. गुडघे न वाकवता ती दोन्ही तळहात सहज जमिनीला टेकवते. मैत्रिणी कौतुक करतात, योगवर्गात तिला पुढे उभे करतात. मात्र गोळा फेकल्यानंतर दोन दिवस कोपर आणि खांदा दुखतो तोही तिचाच. ‘अंग आखडले आहे, आणखी स्ट्रेचिंग कर’ असा सल्ला तिला मिळतो, आणि दुखणे वाढते.

अशा शरीराला वजनाचा व्यायाम वर्ज्य नाही, उलट त्याचीच गरज जास्त असते. मात्र व्यायामाचा क्रम वेगळा लागतो. आधी ताबा, मग वजन आणि त्यानंतर सांध्याच्या शेवटच्या टोकावरची ताकद, असा तो क्रम आहे.

सांधा ‘जास्त वळतो’ हे ठरवायचे कसे?

डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यासाठी ‘बायटन स्कोअर’ वापरतात. दक्षिण आफ्रिकेतील डॉ. पीटर बायटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडलेली ही ९ गुणांची चाचणी आहे. करंगळी मागे ९० अंशांपेक्षा जास्त वळते का, अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर सरळ रेषेच्या १० अंशांहून पलीकडे जातो का, गुडघा तसाच १० अंशांहून मागे जातो का, या चार गोष्टी उजव्या आणि डाव्या बाजूला तपासायच्या. प्रत्येक ‘हो’ला एक गुण, असे आठ. नववा गुण गुडघे सरळ ठेवून तळहात जमिनीवर पूर्ण टेकले तर. प्रौढांमध्ये ५ किंवा जास्त, पन्नाशीनंतर ४ किंवा जास्त आणि वयात येण्याआधीच्या मुलांमध्ये ६ किंवा जास्त गुण आले, तर सांधे सर्वसाधारणपणे अतिलवचिक मानले जातात.

या चाचणीची एक मर्यादा आहे. तिच्यात खांदा, घोटा आणि खुबा हे सांधे येतच नाहीत. त्यामुळे स्कोअर ३ असूनही एकटा खांदा फार सैल असू शकतो. उलट स्कोअर ८ असूनही आयुष्यभर काहीच न दुखणारी माणसे असतात. भारतीय मुलांमध्ये ही लवचिकता मुळातच बरीच आढळते. मुंबईतील बालसंधिवाततज्ज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तपासलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांचे सांधे अतिलवचिक होते. म्हणजे नुसते सांधे वळणे हा आजार नव्हे. त्याबरोबर दुखणे, सांधा सरकणे, वारंवार मुरगळणे असे त्रास सुरू झाले, की त्याकडे वैद्यकीय नजरेने बघावे लागते. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने अशा त्रासांना ‘हायपरमोबिलिटी स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ असे नाव दिले. त्याहून कडक निकष पूर्ण झाले, तर ‘हायपरमोबाइल एहलर्स-डॅनलोस सिंड्रोम’ असे निदान होते.

काही खुणा असतील तर वजनाला हात लावण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. सांधा पूर्ण निखळून परत बसवावा लागला असेल, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, मान दुखून चक्कर येत असेल, जखमांचे व्रण कागदासारखे पातळ पडत असतील किंवा घरात कमी वयात रक्तवाहिनी फुटून मृत्यू झाला असेल, तर हे थांबण्याचे इशारे आहेत.

अडचण शेवटच्या टोकावरच का येते?

हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या दोऱ्यांना लिगामेंट म्हणतात. बहुतेकांच्या शरीरात सांधा ठरावीक टोकाला गेला की ही दोरी ताणली जाते आणि हालचाल थांबते. अतिलवचिक शरीरात ही दोरी ताणते, पण उशिरा. तोवर सांधा धोक्याच्या जागी पोहोचलेला असतो. तिथे त्याला धरून ठेवणारे दुसरे काही असेल तर ते फक्त स्नायू.

स्नायूही त्या टोकावर सर्वांत कमकुवत असतो. तो मधल्या लांबीवर जास्तीत जास्त जोर लावू शकतो. फार ताणलेला किंवा फार आखडलेला असेल, तर त्याचा जोर कमी पडतो. शिवाय डोळे मिटले असताना आपला कोपर किती अंशात आहे, हे मेंदूला कळवणारी जाणीव अतिलवचिक सांध्यांमध्ये अनेकदा मंद असते. आपला हात सरळ आहे असे त्या मुलीला प्रामाणिकपणे वाटते, पण बाजूने बघणाऱ्याला तो उलटा वाकलेला दिसतो.

अशा शरीराला एक सवय लागते. स्नायू सोडून द्यायचे आणि सांध्याच्या टोकावर ‘टांगून’ राहायचे. बांधीत रोवणी करणाऱ्या बाया पाहिल्या की हे लगेच कळते. कमरेतून वाकलेले शरीर, हातात पऱ्ह्यांची जुडी आणि चिखलात रुतलेले पाय. ज्यांचे गुडघे मागे जातात, त्या बाईचे गुडघे तासन्‌तास मागच्या टोकावर अडकवलेले असतात. मांडीचे स्नायू थकत नाहीत, कारण ते कामच करत नाहीत. भार दोऱ्यांवर जातो. संध्याकाळी गुडघ्याच्या मागची बाजू दुखते आणि घरचे म्हणतात, पाय आखडले.

आखडल्यासारखे वाटते, ते खोटे नसते. सैल सांध्याला सावरण्यासाठी काही स्नायू सतत ताठ राहतात, आणि तोच ताठरपणा जाणवतो. स्ट्रेचिंगने तो तासाभरासाठी जातो, पण सांध्याचा आधारही तेवढाच सैल होतो. म्हणून अशा व्यक्तीने ताणण्याच्या व्यायामाला वेळ कमी आणि धरून ठेवण्याच्या व्यायामाला वेळ जास्त द्यावा.

सुरुवात कशी करायची?

एक नमुना उदाहरण घेऊ. समजा, साकोली तालुक्यातील धानपट्ट्यातल्या गावची २१ वर्षांची मुलगी आहे. बायटन स्कोअर ६. दोन्ही कोपर साधारण १५ अंश उलटे जातात, गुडघे १२ अंश. उजवा खांदा फेकताना ‘सरकल्यासारखा’ वाटतो, पण कधी निखळलेला नाही. डॉक्टरांनी तपासून व्यायामाला हरकत नाही असे सांगितले आहे. एप्रिलचा पहिला आठवडा आहे आणि भरतीची मैदानी चाचणी सहा महिन्यांवर आहे. तिला ४ किलोचा गोळा न दुखता फेकायचा आहे.

पहिल्या दिवशी वजन नाही, फक्त मोबाइल. तो बाजूला, कोपराच्या उंचीवर ठेवून व्हिडिओ सुरू करायचा. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहून दोन्ही तळहात भिंतीवर टेकवायचे आणि तिला जे ‘सरळ’ वाटते तिथे थांबायचे. व्हिडिओत कोपर उलटा दिसतो. मग खांदा, कोपर, मनगट एका रेषेत येईपर्यंत कोपर किंचित वाकवायचा. तिला ही स्थिती चक्क वाकडी वाटते. ती वाटते तशी नसून दिसते तशी आहे, हे शरीराला शिकवण्यात पहिला आठवडा जातो. मैत्रीण सोबत असेल तर तिने कोपराच्या मागे एक बोट धरावे. कोपर बोटाला लागला की थांबायचे. हा स्पर्श खूप कामाचा असतो, कारण जी जाणीव सांधा देत नाही ती त्वचा देते.

पहिले तीन आठवडे फक्त चार व्यायाम. भिंतीवरचे दंड. खुर्चीवरून हात न लावता उठणे आणि बसणे. कुशीवर झोपून, वरच्या हाताचा कोपर काटकोनात वाकवून कमरेला टेकवायचा आणि बाटली पोटाजवळून छताकडे नेणे, हा खांदा आतून धरून ठेवणाऱ्या स्नायूंचा व्यायाम. चौथा म्हणजे भिंतीला बोटे टेकवून टाचा उचलणे, घोटा बाहेर न पडू देता. प्रत्येकाचे ३ सेट, सेटमध्ये ८ वेळा, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. खाली जाताना मनात तीनपर्यंत मोजायचे, एक मोजेपर्यंत थांबायचे, मग वर यायचे.

खुर्चीवरून उठताना खरी परीक्षा वरच्या टोकाला असते. उभे राहिल्यावर गुडघा ‘टक’ करून मागे गेला, तर ती वेळ मोजायची नाही. गुडघा मागे जाण्याआधी, अगदी किंचित मऊ ठेवून थांबायचे आणि तिथे मांडी व नितंबाचे स्नायू आवळायचे. या टप्प्यात सांध्याच्या शेवटच्या दहाएक अंशांत जायचेच नाही. तिथे ताबा नाही, म्हणून सध्या ते क्षेत्र बंद.

सेट कधी थांबवायचा, हाही प्रश्न येतो. जिममध्ये सांगतात की स्नायू नाही म्हणेपर्यंत करा. अतिलवचिक शरीरात ताकद संपण्याच्या आधी ताबा संपतो. सहाव्या वेळेला हात थरथरू लागला, खांदा कानाकडे चढला किंवा खाली येण्याचा वेग वाढला, तर सेट सहावर संपला. आणखी तीन-चार वेळा जमले असते असे वाटत असताना थांबणे, हे सुरुवातीचे योग्य प्रमाण.

वजन किती आणि केव्हा वाढवायचे?

तालुक्याच्या जिममध्ये डंबेल बहुधा अडीच किलोच्या टप्प्याने वाढतात. अडीचवरून पाच म्हणजे वजन दुप्पट. सामान्य माणसाचा खांदा हा धक्का पचवतो. सैल खांद्याला तो झेपत नाही. म्हणून या मुलीसाठी डंबेलपेक्षा प्लास्टिकची बाटली आणि सुकी रेती जास्त उपयोगी. किराणा दुकानातल्या काट्यावर बाटलीसकट ५०० ग्रॅम मोजून घ्यायचे. अर्धवट पाणी भरलेली बाटली सुरुवातीला टाळावी, कारण पाणी आत डचमळते आणि हाताला सतत झटके बसतात. पुढे ताबा आला की हीच डचमळ मुद्दाम वापरता येते.

वाढवण्याचा नियम असा. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. आधी संख्या, मग वजन. ५०० ग्रॅमने ८ वेळा, मग ९, १०, असे करत १२ पर्यंत जायचे. सलग दोन दिवसांच्या व्यायामात तिन्ही सेट १२ वेळा स्वच्छ झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा नेहमीसारखाच होता, तरच वजन ६०० ग्रॅम करायचे आणि संख्या परत ८ वर आणायची. खुर्चीच्या व्यायामात पाठीवरच्या पिशवीत तांदूळ भरायचे, ४ किलोपासून सुरुवात, प्रत्येक वेळी अर्धा ते एक किलो वाढ. वजन १० टक्क्यांहून जास्त वाढवू नये असा प्रघात आहे. छोट्या वजनाला तो शब्दशः लावता येत नाही, ५०० ग्रॅमचे १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम होतात. तिथे मिळेल ती सर्वांत लहान वाढ घ्यावी आणि संख्या खाली आणून भरपाई करावी.

या पद्धतीने नवव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, ती कुशीवरच्या व्यायामात नऊशे ग्रॅमच्या आसपास आणि खुर्चीच्या व्यायामात सहा-आठ किलोवर पोहोचेल. भिंतीवरचे दंड आता दिवाणाच्या कडेवर हात टेकवून होतील. हात जितके खाली, तितका भार जास्त. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील. तिथे पोहोचायला महिना जास्त लागला तर त्यात बिघडत नाही.

पण वजन वाढलेच पाहिजे. सांधे नाजूक आहेत म्हणून वर्षभर रबरी पट्टी ओढत राहणे, ही दुसऱ्या टोकाची चूक आहे आणि ती फार सामान्य आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी अतिलवचिक आणि दुखऱ्या खांद्याच्या १०० जणांवर केलेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने १६ आठवडे, आठवड्यातून तीनदा, जड डंबेलने खांद्याच्या पूर्ण पल्ल्यात व्यायाम केला. दुसऱ्या गटाने हलका, नेहमीचा व्यायाम केला. जड गटाचे रोजच्या कामातील खांद्याचे कार्य जास्त सुधारले. पण त्यांनीही जड वजनाने सुरुवात केली नव्हती. सलग १० वेळाच जेमतेम उचलता येईल असे वजन आधी ठरवले आणि पहिल्या तीन आठवड्यांत त्याच्या निम्म्यापासून सुरू करून पायऱ्या-पायऱ्यांनी ९० टक्क्यांपर्यंत गेले. पूर्ण वजन चौथ्या आठवड्यापासून. जड गटात स्नायू दुखणे, डोके दुखणे अशा तात्पुरत्या तक्रारी जास्त होत्या, गंभीर दुखापत मात्र नव्हती. या प्रयोगाचा पुढचा भाग शेवटी येईलच.

शेवटच्या टोकावर जायचेच कशाला?

सांधा मधल्या पल्ल्यात मजबूत झाला, तर टोकावर कधीच जाऊ नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण गोळा सुटतो तो क्षण कोपर सरळ होण्याचाच असतो. पाय घसरला की गुडघा मागे जातोच. ज्या जागी कधी सराव केला नाही, तिथेच सांधा वेगाने पोहोचतो.

ऑस्ट्रेलियात गुडघेदुखी असलेल्या २६ अतिलवचिक मुलांवर झालेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने गुडघा सरळ रेषेपर्यंतच नेऊन व्यायाम केला, दुसऱ्याने तो मागे जातो तिथपर्यंत, पूर्ण पल्ल्यात. आठ आठवड्यांनंतर दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले. टोकापर्यंत गेलेल्यांचे नुकसान झाले नाही, उलट पालकांच्या मते त्या मुलांच्या मानसिक-सामाजिक स्थितीत जास्त सुधारणा दिसली. प्रयोग लहान आहे, त्यावरून फार मोठे दावे करता येत नाहीत. पण ‘टोकावर गेले की बिघडते’ ही भीती त्याने सैल केली. फरक टोकावर टांगण्यात आणि टोकावर काम करण्यात आहे.

दहाव्या आठवड्यापासून मुलगी हे दुसरे काम सुरू करते आणि त्यासाठी वजन निम्मे करते. जमिनीवर पाठीवर झोपून, दंड जमिनीला टेकवून, मुठीत ५०० ग्रॅमची बाटली, तळहात छताकडे. कोपर वाकवलेल्या स्थितीतून हात हळूहळू सरळ करायचा. मनगटाखाली जमीन येते, म्हणून दंडाखाली घडी केलेला टॉवेल ठेवायचा, म्हणजे कोपराला शेवटचे उलटे अंश मोकळे मिळतात. शेवटच्या २० अंशांसाठी चार मोजायचे, टोकाच्या जरा अलीकडे दोन मोजेपर्यंत धरायचे आणि तिथूनच परत यायचे. या वेळी दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू हाताला कडक लागला पाहिजे. तो मऊ लागला आणि हात तसाच खाली राहिला, तर तो टांगणे झाले, काम नव्हे. एक-दोन आठवड्यांत ती जागा टोकाच्या आणखी जवळ नेता येते.

गुडघ्यासाठी पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. मांडी आवळून टाच जमिनीवरून उचलायची. गुडघा त्याच्या शेवटच्या टोकाला जाईल तो मांडीच्या जोराने, शरीराच्या वजनाने नव्हे. तिथे पाच मोजायचे आणि टाच हळू सोडायची.

खांद्याचे फेकण्याच्या स्थितीतले टोक, म्हणजे हात बाजूला खांद्याइतका वर आणि पंजा मागे वळलेला, सर्वांत शेवटी घ्यायचे. बहुतेक खांदे याच स्थितीत पुढच्या बाजूला निखळतात. दिवाणावर पोटावर झोपून, हात कडेबाहेर, रिकाम्या हाताने सुरुवात. खांदा एकदा जरी निखळला असेल, तर हा भाग घरी करायचा नाही, फिजिओथेरपिस्टसमोरच करायचा.

चुकते कुठे आणि कसे ओळखायचे?

जुलैच्या मध्यावर रोवणी लागते आणि घरात माणसे कमी असतात. ही मुलगी चार दिवस बांधीत वाकते. पाचव्या दिवशी, व्यायाम बुडाला या काळजीने, पाठीवर दहा किलोची पिशवी घेऊन नेहमीचे तीन सेट करते. दुसऱ्या सकाळी उजवा गुडघा किंचित सुजलेला असतो आणि जिना उतरताना आत टोचतो.

चूक व्यायामात नव्हती, हिशेबात होती. रोवणीचा दिवस हा गुडघ्यांसाठी व्यायामाचाच दिवस आहे, तोही टोकावर टांगलेला. रोवणीच्या आठवड्यात खुर्चीचा व्यायाम बिनवजनी, एक सेट एवढाच ठेवायला हवा होता. बांधीत गुडघे किंचित मऊ ठेवणे आणि दर ओळीनंतर उभे राहून मांडी आवळणे, एवढे केले तरी दिवसाचा भार बदलतो.

दुखणे आले की त्याची जागा आणि वेळ पाहावी. मांडीच्या किंवा दंडाच्या मधल्या मांसल भागात, दोन्ही बाजूंना सारखे, दाबल्यावर दुखणारे आणि ४८ तासांत जाणारे दुखणे स्नायूचे असते, त्याने घाबरायचे नाही. सांध्याच्या रेषेवर, एका बाजूला, टोचणारे, सूज किंवा गरमपणा असलेले, दुसऱ्या सकाळी आदल्या दिवसापेक्षा वाढलेले दुखणे सांध्याचे. ते आले की वजन निम्मे करायचे आणि पल्ला आखूड. दहापैकी तीनपर्यंतचे दुखणे व्यायामादरम्यान चालते, पण २४ तासांत ते मूळ पातळीवर आले पाहिजे. आठवड्याभरात उतरले नाही, सांधा अडकू लागला किंवा मुंग्या आल्या, तर व्यायाम थांबवून तपासणी. सांध्यातून नुसता आवाज येणे, दुखत नसेल तर, दखल घेण्याजोगे नाही.

सूज पाच दिवसांत उतरली असे धरू. परत सुरुवात दहा किलोने नाही, पाचने. खंड आठवड्याचा असेल तर एक पायरी खाली, दोन आठवड्यांचा असेल तर निम्म्यावर. दोन-तीन आठवड्यांत जुन्या वजनाला पोहोचता येते, कारण दुसऱ्यांदा शिकायला पहिल्याइतका वेळ लागत नाही.

मैदानावर इतर तीन सवयी नेहमी दिसतात. हात पूर्ण सोडून बारला लटकणे, ज्यात खांद्याचे स्नायू काहीच करत नाहीत. कोपर मागे अडकवून प्लँक धरणे. आणि वजन धरताना बोटांची पेरे उलटी वाकेपर्यंत घट्ट मूठ आवळणे. शेवटच्या सवयीवर उपाय साधा आहे, बाटलीला जुने कापड गुंडाळून मूठ जाड करावी.

गोळा हातात केव्हा घ्यायचा?

गोळाफेकीत वजन आणि वेग एकत्र येतात, म्हणून ते वेगवेगळे वाढवायचे. जुलै संपताना कापडी पिशवीत एक किलो रेती घट्ट शिवून उभ्या जागेवरून ढकलायची, वेग निम्मा, दिवसाला दहा वेळा, आठवड्यातून दोन दिवस. ढकलायची, फेकायची नाही. हात मानेजवळून पुढे जातो, जोर पायातून आणि कमरेतून येतो. कोपर शेवटी झटक्याने उलटा गेला, तर मोबाइलच्या हळू गतीच्या व्हिडिओत तो स्पष्ट दिसतो. दहापैकी नऊ वेळा तो रेषेत थांबला, की आधी वेग वाढवायचा. पूर्ण वेगात तो थांबू लागला, की दोन किलो, आणि वेग पुन्हा निम्मा. याच क्रमाने ऑगस्टच्या शेवटी तीन आणि सप्टेंबरमध्ये ४ किलोचा खरा गोळा. फेकींची संख्या वहीत लिहायची. मित्रमंडळी चाळीस फेकी करत असतील तेव्हा पंधरावर थांबणे हाच या मुलीसाठी सर्वांत अवघड भाग ठरतो.

फिजिओथेरपिस्टकडे दर आठवड्याला जाणे गावातून परवडत नाही. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर, साकोलीहून त्याहून लांब. तीन टप्प्यांवर दाखवले तरी बरेच काम होते. सुरुवातीला, टोकावरचा व्यायाम सुरू करण्याआधी आणि गोळा हातात घेण्याआधी. सोबत वही आणि बाजूने काढलेले व्हिडिओ न्यावेत. ‘कधीकधी दुखते’ या वाक्यापेक्षा दहा सेकंदांच्या व्हिडिओतून तज्ज्ञाला जास्त कळते.

डेन्मार्कच्या प्रयोगात वर्षभरानंतर पुन्हा मोजमाप झाले, तेव्हा जड आणि हलक्या गटातला फरक पूर्वीसारखा ठळक उरला नव्हता. म्हणून चाचणीनंतरही या मुलीच्या वहीत आठवड्याचे दोन दिवस राहतात. कुशीवरची बाटली, पाठीवरची तांदळाची पिशवी आणि गुडघ्याखालचा टॉवेल, मिळून वीस-पंचवीस मिनिटे. पुढच्या जुलैत बांधीत उतरायच्या आठवड्यात पिशवी रिकामी.